टॅक्रोलिमस आणि वाढता रक्तदाब

श्रोतेहो, नमस्कार. काही औषधे आपले काम चोख करत असतानाच नकळत रक्तदाबही वाढवतात. प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड्स शरीरात मीठ आणि पाणी साठवून ठेवतात. नैराश्यावरचे व्हेनलाफॅक्सिन दिवसाला 300 मिलिग्रॅमच्या पुढे गेले की हा धोका विशेष वाढतो. तिथे बहुधा मात्रा कमी करता येते किंवा औषध बदलता येते. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर घ्याव्या लागणाऱ्या, प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या टॅक्रोलिमसबाबत एवढी मोकळीक नसते, कारण ते अपुरे पडले तर शरीर नवे मूत्रपिंड नाकारू शकते.

हे औषध मूत्रपिंडात रक्त आणणाऱ्या सूक्ष्म धमन्या आकुंचित करते आणि लघवीवाटे जाणारे मीठ परत शरीरात ओढून घ्यायला लावते. रुग्णाला बहुधा काहीच जाणवत नाही.

एक उदाहरण घेऊ. प्रत्यारोपणाला पाच महिने झालेल्या एका महिलेचा रक्तदाब 146/90 आढळला, म्हणून तिला जवळच्या डॉक्टरांनी डिल्टियाझेम सुरू केले. दोन आठवड्यांनी तिचे हात थरथरू लागले आणि मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारे क्रिएटिनिन 1.2 वरून 1.6 वर गेले. सकाळची गोळी घेण्यापूर्वी, म्हणजे आधीच्या मात्रेनंतर बारा तासांनी, घेतलेल्या रक्तात टॅक्रोलिमसची पातळी 14 निघाली. या टप्प्यावर ती सहसा 10 च्या आत ठेवतात. यकृतातील ज्या विकरामुळे टॅक्रोलिमसचा निचरा होतो, त्यालाच डिल्टियाझेम अडवते. हाच गुण हेतुपुरस्सर वापरून टॅक्रोलिमसची मात्रा वाचवणारे डॉक्टरही आहेत, पण ते पातळी वारंवार तपासतात. इथे ती तपासलीच गेली नव्हती, आणि मला खरी चूक तीच वाटते.

प्रत्यारोपणतज्ज्ञांनी डिल्टियाझेम बंद करून ॲम्लोडिपिन 5 मिलिग्रॅम दिले, कारण ते त्याच आकुंचित धमन्या सैल करते आणि टॅक्रोलिमसच्या पातळीत सहसा मोठा फरक पाडत नाही. टॅक्रोलिमसची मात्रा त्यांनी थोडीच कमी केली आणि काही दिवसांतच पातळी पुन्हा मोजली. डिल्टियाझेमचा प्रभाव ओसरल्यावर ती गरजेपेक्षा खाली घसरण्याची भीती होती. थरथर थांबली, क्रिएटिनिन 1.3 वर आले.

रक्तदाब तरीही 138/84 राहिला. अशा रुग्णांत तो 130/80 च्या खाली आणण्याचे उद्दिष्ट असते, म्हणून क्लोरथॅलिडोन 12.5 मिलिग्रॅम जोडले. टॅक्रोलिमस मीठ परत ओढणारी जी यंत्रणा चेतवते, नेमकी तीच हे औषध रोखते. त्यानंतर दोन आठवड्यांनी सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासले. एवढ्यानेही रक्तदाब हटला नसता, तर नव्या मूत्रपिंडाची धमनी अरुंद झाली आहे का, हे डॉप्लर सोनोग्राफीने पाहावे लागले असते. तशी वेळ आली नाही. महिन्याभराने चोवीस तासांच्या नोंदीत रात्रीचा रक्तदाबही आटोक्यात असल्याचे दिसले.