एका मॅट्रिक्सवर अख्खं प्रकरण: व्हेक्टर स्पेस ते आयगेन व्हॅल्यू

मित्रहो, लिनियर अल्जिब्राचं हे प्रकरण परीक्षेआधी एका पानावर आणायचं म्हटलं की बहुतेक जण व्याख्या एकाखाली एक उतरवून काढतात. व्याख्या हव्यातच. पण सोडवलेलं गणित बरोबर आलं की चुकलं, हे त्या पानावरून कळत नाही. म्हणून पानाचे तीन रकाने करा. पहिल्यात व्याख्या, दुसऱ्यात तिचं चित्र, तिसऱ्यात उत्तर तपासायची रीत. या तिसऱ्या रकान्यात आणखी एक गोष्ट लिहायची: ही तपासणी कोणती चूक पकडते आणि कोणती पकडत नाही. माझ्या मते पानावरचा सर्वांत कामाचा मजकूर तोच. आज आपण एकच मॅट्रिक्स घेऊन हे पान भरू.

```
    २  १  १
A = १  २  १
    १  १  २
```

सुरुवात व्हेक्टर स्पेसपासून. व्याख्येतले सगळे नियम पानावर उतरवू नका. परीक्षेत बहुतेक वेळा R³ सारख्या ओळखीच्या स्पेसमधला एक संच दिलेला असतो आणि तो सबस्पेस आहे का, एवढंच विचारलेलं असतं. बेरजेचा क्रम बदलता येतो, कंस हलवता येतो, हे नियम त्या संचाला R³ कडून आयते मिळतात. पाहायच्या उरतात तीनच गोष्टी: शून्य व्हेक्टर संचात आहे का, संचातल्या दोघांची बेरीज संचातच राहते का, आणि संचातल्या कुणालाही कोणत्याही संख्येनं गुणलं तरी तो संचातच राहतो का.

याचं चित्र अगदी सोपं आहे. R³ मध्ये सबस्पेस चारच प्रकारच्या असतात: नुसता आरंभबिंदू, आरंभबिंदूतून जाणारी रेषा, आरंभबिंदूतून जाणारं प्रतल आणि अख्खी R³. x + y + z = ० हे प्रतल सबस्पेस आहे. x + y + z = १ हे त्याला समांतर प्रतल सबस्पेस नाही, कारण शून्य त्यात नाही. पण शून्य आहे म्हणून लगेच ‘हो’ लिहू नका. साध्या कागदावर, म्हणजे R² मध्ये, पहिला चरण घ्या, बाजूच्या अक्षांसकट. शून्य आत आहे, बेरीजही आत राहते, पण (१, १) ला −१ नं गुणलं की आपण बाहेर. आता x-अक्ष आणि y-अक्ष मिळून होणारा संच घ्या. इथे गुणाकार आत राहतो, पण (१, ०) आणि (०, १) यांची बेरीज (१, १) दोन्ही अक्षांवर नाही. म्हणजे तिन्ही अटी स्वतंत्र आहेत, एकही गाळून चालत नाही. ‘नाही’ म्हणायला एक उदाहरण पुरतं. ‘हो’ म्हणायला मात्र संचातले कोणतेही दोन व्हेक्टर अक्षरांत घेऊन सिद्ध करावं लागतं. दोन-चार आकडे घालून पाहणं म्हणजे सिद्धता नव्हे.

बेसिस आणि डायमेन्शन याच प्रतलावर पाहून घेऊ. x + y + z = ० मध्ये y आणि z मनाप्रमाणे निवडता येतात, x मग आपोआप ठरतो. मोकळी चलं दोन, म्हणून डायमेन्शन दोन. (१, −१, ०) आणि (१, ०, −१) ही एक बेसिस झाली. हे प्रतल लक्षात ठेवा, थोड्याच वेळात लागणार आहे.

आता आयगेन व्हॅल्यू. व्याख्या: Av = λv, आणि v शून्य नाही. हे ‘शून्य नाही’ पानावर ठळक लिहा, कारण शून्य व्हेक्टर प्रत्येक λ साठी समीकरणात बसतो; तो चालवून घेतला तर प्रत्येक संख्याच आयगेन व्हॅल्यू होईल. समीकरण सरकवून लिहिलं की (A − λI)v = ० मिळतं. म्हणजे एका λ चे सगळे आयगेन व्हेक्टर आणि शून्य मिळून A − λI ची नल स्पेस होते, आणि नल स्पेस ही सबस्पेस असते. प्रकरणाचा पहिला अर्धा भाग आणि दुसरा अर्धा भाग इथे एकमेकांना भेटतात. आयगेन व्हेक्टर काढणं हे निराळं तंत्र नाही. बेसिस काढायचं तेच जुनं काम, फक्त मॅट्रिक्स नवी.

चित्र असं: मॅट्रिक्स बहुतेक व्हेक्टरांची दिशा बदलते. काही मोजक्या रेषांवरचे व्हेक्टर मात्र त्याच रेषेवर राहतात. ताणले जातात, आखडतात किंवा उलटे होतात. किती पट, ते λ सांगतो. प्रतल ९० अंशांनी फिरवणाऱ्या मॅट्रिक्सला वास्तव आयगेन व्हॅल्यू नसतात, याचं कारण चित्रातच दिसतं: एकही रेषा जागेवर राहत नाही.

आपल्या A कडे वळू. तुम्ही वापरता ते सूत्र घ्या: λ³ − S₁λ² + S₂λ − |A| = ०. S₁ म्हणजे ट्रेस, २ + २ + २ = ६. S₂ म्हणजे कर्णावरच्या घटकांच्या मायनरची बेरीज. प्रत्येक मायनर २×२ − १×१ = ३, म्हणून S₂ = ९. डिटर्मिनंट ४. समीकरण λ³ − ६λ² + ९λ − ४ = ०, उत्तरं ४, १, १. बेरीज ६, गुणाकार ४. जुळलं.

पण या जुळण्यावर किती विसंबायचं? समजा घाईत एका मायनरमध्ये १×१ वजा करायचं राहिलं आणि तो ४ आला. S₂ झाला १०. समीकरण झालं λ³ − ६λ² + १०λ − ४ = ०. त्याची उत्तरं येतात २, २ + √२ आणि २ − √२. त्यांची बेरीज करा: ६. गुणाकार करा: २ × (४ − २) = ४. दोन्ही जुळतात, आणि तिन्ही उत्तरं चूक आहेत. कारण सरळ आहे. ट्रेस आणि डिटर्मिनंट आपणच समीकरणात सहगुणक म्हणून घातले होते, त्यामुळे त्या समीकरणाची उत्तरं त्यांच्याशी जुळणारच. म्हणजे ही तपासणी समीकरण सोडवतानाची चूक पकडते, S₂ मधली पकडत नाही. तिसऱ्या रकान्यात हे असंच लिहून ठेवा.

ही चूक पकडली जाते पुढच्या पायरीला. λ = २ घेऊन A − २I लिहा. कर्णावर शून्यं, बाकी सगळे एक. समीकरणं y + z = ०, x + z = ०, x + y = ०. यातून x = y = z = ० एवढंच निघतं. इथे बरेच जण आयगेन व्हेक्टर (०, ०, ०) लिहून पुढे जातात. असं करू नका. नुसतं शून्य मिळालं म्हणजे λ चुकला, किंवा सोडवताना गडबड झाली. तिसरी शक्यता नाही. खऱ्या आयगेन व्हॅल्यूसाठी A − λI वर रो ऑपरेशन केल्यावर निदान एक शून्य रो निघालीच पाहिजे.

आणखी एक चूक दरवर्षी दिसते. A ला रो ऑपरेशन करून त्रिकोणी करतात आणि कर्णावरचे आकडे आयगेन व्हॅल्यू म्हणून लिहितात. आपल्या A ला असं केलं तर कर्णावर २, ३/२ आणि ४/३ येतात. गुणाकार बरोबर ४ येतो, म्हणून शंकाही येत नाही. पण बेरीज पाचाच्याही खाली राहते, आणि ट्रेस तर ६ आहे. रो ऑपरेशननं समीकरणांची उत्तरं टिकतात, आयगेन व्हॅल्यू टिकत नाहीत. म्हणून A − λI वर रो ऑपरेशन चालतं, λ शोधण्याआधी A वर चालत नाही.

आता आयगेन व्हेक्टर. λ = ४ साठी (१, १, १) येतो. A नं गुणा: (४, ४, ४). λ = १ साठी A − I मध्ये सगळेच एक, म्हणून समीकरण एकच: x + y + z = ०. मघाचं प्रतल! रँक १, नल स्पेसचं डायमेन्शन २, बेरीज ३, म्हणजे कॉलमांइतकी. चित्र पूर्ण झालं: A हे प्रतल जसंच्या तसं ठेवते आणि (१, १, १) च्या दिशेनं चौपट ताणते. (३, ०, ०) घ्या. त्याचे दोन भाग करा, (१, १, १) आणि (२, −१, −१). पहिला चौपट होतो, दुसरा तसाच राहतो. बेरीज (६, ३, ३). A नं सरळ गुणून पाहा, तेच येतं. आणि एकाच दिशेनं चौपट ताण म्हणजे घनफळ चौपट, म्हणून डिटर्मिनंट ४.

पुस्तकाच्या मागे λ = १ साठी (१, −१, ०) आणि (१, १, −२) दिलं असेल, तर तुमचं उत्तर खोडू नका. (१, १, −२) म्हणजे २(१, ०, −१) − (१, −१, ०). प्रतल तेच, बेसिस वेगळी. उत्तर छापील व्हेक्टरशी नव्हे, Av = λv शी ताडून पाहायचं. A सिमेट्रिक आहे, त्यामुळे इथे आणखी एक झटपट तपासणी मिळते: ४ चा आयगेन व्हेक्टर १ च्या प्रत्येक आयगेन व्हेक्टरला लंब हवा. सिमेट्रिक नसलेल्या मॅट्रिक्सला ही लावायची नाही.

राहिलं डायगनलायझेशन. P च्या कॉलममध्ये आयगेन व्हेक्टर, D च्या कर्णावर त्याच क्रमानं आयगेन व्हॅल्यू. तपासायला P चा इन्व्हर्स काढत बसू नका, AP = PD आहे का एवढं पाहा. क्रम उलटसुलट झाला असेल तर इथे लगेच कळतं. पण ही तपासणीही एका जागी फसते. कर्णावर १, १ आणि वर उजवीकडे १ असलेली शिअर मॅट्रिक्स घ्या. ती (x, y) ला (x + y, y) वर नेते. आयगेन व्हॅल्यू १, १. ट्रेस २, डिटर्मिनंट १, सगळं जुळतं. आयगेन व्हॅल्यू दोन म्हणून कुणी (१, ०) दोनदा लिहून P तयार केला, तर AP = PD सुद्धा जुळतं! फक्त P चा डिटर्मिनंट शून्य येतो. म्हणून AP = PD च्या शेजारी |P| ≠ ० ही अट लिहायचीच. आपल्या A साठी (१, १, १), (१, −१, ०), (१, ०, −१) घेऊन |P| = ३ येतो, तिथे अडचण नाही. शिअरमध्ये A − I ची रँक १, म्हणून नल स्पेसचं डायमेन्शन १, आणि हवे होते दोन स्वतंत्र आयगेन व्हेक्टर. पेपरात ‘डायगनलाइझ होत नाही’ याच्यापुढे कारण म्हणून हीच ओळ लिहायची.