टिकली गुडघ्यावर

नमस्कार श्रोतेहो. मी लालबागच्या एका व्यायामशाळेत शिकवते, आणि मोबाईलवर व्यायामाचे छोटे व्हिडिओही करते. आज त्यातल्या एकाच व्हिडिओबद्दल बोलणार आहे. विषय साधा आहे: बैठक मारताना, म्हणजे स्क्वॉट करताना, गुडघे आत झुकतात ते सुधारायचं कसं.

या विषयावरच्या माझ्या पहिल्या व्हिडिओत मी गुडघा आत झुकलेला दाखवला आणि वर बोलले, "असं केलंत तर गुडघ्याचं लिगामेंट गेलंच समजा." आमच्या मजल्यावरच्या काकूंनी तो पाहिला. महिन्याभराने त्या जिन्यात कठडा धरून, एकेक पायरी तिरक्या चढताना दिसल्या. मी विचारलं, "काकू, दुखतंय का?" तर म्हणाल्या, "दुखत नाही गं, पण माझे गुडघे तुझ्या व्हिडिओतल्यासारखेच आत जातात. म्हणून बैठका सोडल्या, आणि खाली बसणंही सोडलं." म्हणजे दुखणं काहीच नव्हतं. त्यांच्या हालचाली माझ्या एका वाक्यानं बंद केल्या होत्या.

ते वाक्य मी आणलं कुठून? खेळाडूंच्या अभ्यासातून. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 205 खेळाडू मुलींचे गुडघे उडी मारून खाली उतरताना कसे वळतात ते आधी मोजलं होतं. पुढे त्यांतल्या नऊ जणींचं लिगामेंट फाटलं, आणि त्यांचे गुडघे उतरताना इतरांपेक्षा जास्त आत कोसळत होते. पण तिथे उडी होती, वेग होता, जमिनीचा धक्का होता. घरात सतरंजीवर, बिनवजनाची, सावकाश मारलेली बैठक म्हणजे ते नव्हे. उडीचा निष्कर्ष मी बैठकीला चिकटवला, ही माझी चूक होती. म्हणून तो व्हिडिओ मी काढून टाकला आणि संहिता नव्यानं लिहायला घेतली.

लिहिताना कागदावर तीन रकाने आखते: चित्रात काय दिसतं, मी काय बोलते, किती सेकंद. सावकाश बोलले तर सहा सेकंदांत माझे बारा-तेरा शब्दच बसतात, त्यामुळे एका शॉटमध्ये एकच सूचना मावते. पण त्याही आधी कॅमेरा कुठे, हे ठरवावं लागतं. गुडघा आत जातो की नाही, हे समोरूनच कळतं. मोबाईल जरासा तिरका लागला, तर पुढे जाणारा गुडघाही आत गेल्यासारखा दिसतो, आणि बघणारा नसलेली चूक शोधत बसतो. म्हणून मोबाईल गुडघ्याच्या उंचीवर, अगदी समोर, साधारण तीन मीटर लांब ठेवायचा. आपल्या मुंबईच्या खोलीत तीन मीटर मिळवायचे म्हणजे पलंग सरकवून दारात उभं राहावं लागतं, तरी ते करायचं. जागा नाही म्हणून रुंद लेन्स लावली की कडेचं सगळं ताणलं जातं. आणखी एक गोष्ट: ट्यूबलाइटखाली सेकंदाला साठ फ्रेमवर चित्रीकरण केलं की चित्र लुकलुकतं, कारण आपली वीज पन्नास हर्ट्झची आहे. पन्नास किंवा पंचवीस फ्रेम निवडल्या की बहुतेक वेळा ते थांबतं.

दोन्ही गुडघ्यांच्या वाटीच्या मधोमध मी एकेक लाल टिकली चिकटवली. टिकली कुठे जाते ते लेगिंग्जवरही लांबून दिसतं. पायाची बोटं थोडी बाहेर वळलेली असतील, तर टिकलीही त्याच दिशेला जायला हवी. दोन्ही गुडघे नाकासमोर सरळच जावेत, असा हट्ट नाही.

पहिला शॉट, सहा सेकंद. पूर्ण शरीर, समोरून. चुकीची बैठक एकदाच, आणि रिकाम्या हातांनी. वजन उचलून चूक करून दाखवायला मी कुणालाही सांगत नाही. आवाज: "वर येताना टिकली बघा. ती अंगठ्याच्या आतल्या बाजूला सरकते."

दुसरा शॉट जवळून, फक्त पाऊल. तळवा आत कलंडतो, करंगळीखालची जागा उचलली जाते. आवाज: "अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ आणि टाच, तिन्ही जमिनीला टेकलेलीच ठेवा."

तिसऱ्या शॉटवर माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. आधी लिहिलं होतं, "मांडीचे बाहेरचे स्नायू आवळा." ऐकणारी बाई तिथेच थांबून स्नायू शोधायला लागते आणि बैठक अडखळते. शरीराच्या आत काय करायचं ते सांगण्याऐवजी बाहेरच्या वस्तूचं काय करायचं ते सांगितलं, की हालचाल सहज होते. म्हणून लिहिलं, "पायांखालची सतरंजी मधोमध फाटेल अशी दोन्ही पायांनी बाहेर ताणा, पाऊल मात्र हलवू नका." चित्रात सतरंजीची घडी ताणली जाते आणि टिकल्या आपोआप बोटांच्या रेषेत येतात.

चौथ्या शॉटमध्ये पुन्हा पूर्ण शरीर, तीन बैठका, आवाज बंद. बघणाऱ्याला तेवढी उसंत द्यायचीच.

आणि शेवटचा शॉट, इजेबद्दलचा. इथे मी कॅमेऱ्याकडे बघून बोलते, मागे बैठक चालू नसते. चुकीच्या चित्रावर इजेचं वाक्य ठेवलं की दोन्ही एकमेकांना चिकटून मनात बसतात, काकूंचं तेच झालं. आता वाक्य असं आहे: "गुडघा थोडा आत झुकणं अनेकांत दिसतं, त्यावरून गुडघा बिघडलाय असं समजू नका. वजन वाढवण्याआधी तो रेषेत ठेवता येतो का, ते बघा. येत नसेल तर वजन कमी करा, किंवा मागे स्टूल ठेवून तेवढंच खाली जा."

त्यानंतर थांबण्याच्या खुणा. "काळजी घ्या" म्हटलं तर कुणालाच काही कळत नाही, म्हणून नावं घेऊन सांगते: "अचानक कळ आली, गुडघा सुजला, अडकला, किंवा पाय लटपटून दगा देतोय असं वाटलं, तर थांबा आणि डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवा." मांडी दुसऱ्या दिवशी भरून येणं यात धरत नाही, तेही सांगते, नाहीतर पहिल्याच दिवशी अर्धे लोक सोडून देतात. आणि "या व्यायामाने गुडघेदुखी बरी होते" असं मी कुठेच म्हणत नाही. कॅमेऱ्यापलीकडचा गुडघा मी तपासलेला नसतो.

संहिता झाली की दोनदा तपासते. एकदा आवाज बंद करून नुसतं चित्र, म्हणजे चूक आणि दुरुस्ती यांतला फरक डोळ्यांना कळतो का ते दिसतं. एकदा डोळे मिटून नुसता आवाज, आत्ता तुम्ही मला ऐकताय तसा. त्या वेळी एखादं वाक्य धमकीसारखं वाजलं, की ते चित्रासोबतही तसंच वाजणार.

नवा व्हिडिओ मी आधी काकूंना दाखवला, त्यांच्याच स्वयंपाकघरात. त्यांनी कपाळावरची टिकली काढून पातळावरून गुडघ्यावर लावली, ओट्याला हात टेकला आणि स्टुलापर्यंत पाच वेळा खाली जाऊन आल्या. तिसऱ्या वेळी टिकली आत सरकली. त्या थांबल्या, पाय दाबून सतरंजी ताणली आणि म्हणाल्या, "आता बघ, आली का रेषेत?"

आली होती.