दाबली तरी न दबणारी नळी

(लहान मुलांच्या पोटदुखीवर इंदूरमध्ये मराठी पालकांसमोर एका बालशल्यचिकित्सकांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात आला की आपण सगळे थेट शेवटची ओळ वाचतो. आज मला वरच्या परिच्छेदातल्या एका शब्दाबद्दल बोलायचं आहे. तिथे लिहिलेलं असतं, ‘ब्लाइंड एंडिंग ट्युब्युलर स्ट्रक्चर, डायमीटर ९ एमएम, नॉन-कॉम्प्रेसिबल’. म्हणजे एका टोकाला बंद असलेली, ९ मिलिमीटर जाड आणि दाबली तरी न दबणारी नळी. सर्जनचं लक्ष त्यातल्या ‘न दबणारी’वर जातं. ही नळी का दबत नाही ते कळलं की पुढची धावपळ कशासाठी असते तेही कळेल.

अपेंडिक्स म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, उजव्या बाजूला लोंबणारी करंगळीएवढी किंवा त्याहून बारीक नळी. तिला तोंड एकच, तेही आतड्यात उघडणारं. दुसरं टोक हातमोज्याच्या बोटासारखं बंद. निरोगी मुलात ती साधारण ६ मिलिमीटरपर्यंत जाड असते, आत फारसं काही नसतं, त्यामुळे वरून दाब पडला की चपटी होते.

ही दाबून पाहण्याची पद्धत युलियन पुइलार्ट या डच रेडिओलॉजिस्टने १९८६ मध्ये मांडली. तोवर आतड्यातल्या वायूमुळे अपेंडिक्स सोनोग्राफीत दिसतच नाही असं मानलं जाई. त्याने सोपी गोष्ट केली, प्रोबनेच वायू बाजूला सारला. मूल उताणं झोपवतात, पोटावर जेल लावतात आणि सपाट तोंडाचा, बारीक तपशील दाखवणारा प्रोब उजव्या कुशीवर ठेवतात. मूल श्वास सोडतं तेव्हा थोडं दाबायचं, श्वास घेतं तेव्हा दाब तसाच ठेवायचा, पुढच्या श्वासाला आणखी थोडं. एकदम दाबलं तर मूल पोट आवळून घेतं आणि मग काहीच दिसत नाही. दाब पुरेसा झाला हे कशावरून ओळखायचं? तळाशी कमरेचा जाड स्नायू आणि त्याशेजारी धडधडणारी पायाकडे जाणारी रक्तवाहिनी दिसू लागली, की मधलं आतडं बाजूला सरलं. आतडं मऊ असतं, त्यात लाटा सरकताना दिसतात, ते पसरून चपटं होतं. त्याच दाबाखाली सुजलेलं अपेंडिक्स तसंच गोल राहतं, हालचाल करत नाही आणि मूल नेमकं तिथेच ‘आई गं’ म्हणतं. आडव्या छेदात ते नेमबाजीच्या फळीसारखं, वर्तुळात वर्तुळ असं दिसतं.

आता ते दबत का नाही. बहुतेक वेळा नळीचं तोंड बंद झालेलं असतं. कधी वाळलेल्या मळाचा खडा अडकतो, कधी भिंतीतल्या ग्रंथी सुजून तोंड मिटतं. मुलांमध्ये या ग्रंथी भरपूर असतात. तोंड मिटलं तरी आतलं अस्तर चिकट स्राव सोडतच राहतं, आणि त्याला जायला वाट नसते. आतला दाब वाढतो. आधी भिंतीतून परतणाऱ्या रक्ताच्या पातळ शिरा दबतात, म्हणून रक्त आत येतं पण बाहेर जात नाही आणि भिंत सुजते. दाब आणखी वाढला की येणारं रक्तही अडतं. अपेंडिक्सला रक्त देणारी मुख्य धमनी एकच, तिला पर्यायी वाट जवळजवळ नाही. रक्त थांबलेली भिंत मरू लागते, आतले जंतू तिच्यात शिरतात आणि सगळ्यांत कमी रक्त पोचणाऱ्या जागी ती फुटते. म्हणजे प्रोबखाली न दबणारी नळी सांगते की आत दाब साठला आहे आणि तो उतरायला मार्ग नाही.

एक उदाहरण धरू. सात वर्षांचा मुलगा, वजन २४ किलो, राहणार महू. रविवारी सकाळी पोहे-जिलेबी खाल्ली. संध्याकाळी पाचला बेंबीभोवती दुखू लागलं. घरात पहिला संशय अर्थातच जिलेबीवर. आजी म्हणाल्या नाभी सरकली असेल, शेजारच्या काकू म्हणाल्या वायू धरला असेल, ओवा द्या. रात्री नऊला उलटी झाली, जेवायला नको म्हणाला. इथे क्रम लक्षात घ्या: आधी दुखणं, मग उलटी. अन्नातून बाधा झाली असेल तर बहुधा उलटी-जुलाब आधी येतात आणि पोट मुरडतं. क्रम फिरला म्हणून निदान पक्कं होत नाही, पण कान टवकारावेत.

बेंबीभोवती दुखतं याचंही कारण आहे. नळी ताणली जाते तेव्हा तिच्या संवेदना पाठीच्या कण्यातल्या ज्या पातळीवर पोचतात, ती बेंबीच्या त्वचेची पातळी असते. मुलाला दुखण्याची नेमकी जागा सांगता येत नाही. सूज नळीबाहेर येऊन पोटाच्या आतल्या अस्तराला लागली, की मग ते बोट ठेवून दाखवतं. आपला मुलगा सोमवारी पहाटे सहाला उजव्या बाजूला खाली बोट ठेवू लागला. वाकून चालतो, महू ते इंदूर गाडीत खड्डा आला की कळवळतो. उडी मारून दाखव म्हटलं तर नाही म्हणतो. ही उडी फुकटची तपासणी आहे आणि फार उपयोगाची.

ताप १००.८, रक्तात पांढऱ्या पेशी १५,८००. अकराला सोनोग्राफी: ९ मिलिमीटर, न दबणारी नळी, तोंडाजवळ ७ मिलिमीटरचा खडा आणि त्यामागे काळी सावली, भोवतालची चरबी पांढरट झालेली, थोडं पाणी. हा खडा महत्त्वाचा. तो आपणहून निघायची आशा कमी आणि फुटण्याचा धोका अधिक. चरबी पांढरी दिसते कारण शरीराने सूज घेरायला सुरुवात केलेली असते.

दुखणं सुरू होऊन १८ तास झाले. फुटण्याचं प्रमाण पहिल्या २४ तासांत कमी असतं आणि ३६ ते ४८ तासांकडे चढत जातं. घड्याळ दुखण्यापासून मोजायचं, हॉस्पिटलमध्ये पोचल्यापासून नाही. म्हणून ‘कधीपासून दुखतंय’ हे आम्ही तीन-तीनदा विचारतो, त्याचा राग मानू नका. मुलांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. मोठ्या माणसाच्या पोटात चरबीची एक चादर असते, ती सुजलेल्या जागेला जाऊन चिकटते आणि पू तिथेच कोंडते. लहान मुलात ही चादर आखूड आणि पातळ असते, त्यामुळे फुटलं तर पू पोटभर पसरतो. पाच वर्षांखालच्या मुलांना नीट सांगताही येत नाही. निदान होतं तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा अपेंडिक्स फुटलेलं असतं.

तरी लवकर म्हणजे धावत ऑपरेशन थिएटरमध्ये नेणं असं समजू नका. पहिल्या तासाभरात तोंडाने खाणं-पिणं बंद करतात, सलाईन लागते. हा मुलगा उलट्यांनी कोरडा पडला होता, त्याला सुरुवातीला किलोमागे २० मिलिलिटर, म्हणजे ४८० मिलिलिटर दिलं. पॅरासिटामॉल शिरेतून, किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे ३६०. दुखणं कमी केलं तर निदान झाकलं जाईल हा जुना समज आता मागे पडला आहे. मूल शांत झालं की पोट उलट नीट तपासता येतं. त्याच वेळी अँटिबायोटिकचा पहिला डोस जातो. हे झालं आणि नळी फुटलेली नसेल, तर रात्री दोनचं ऑपरेशन सकाळी आठला करणं सुरक्षित असतं. झोप झालेली टीम आणि मुलांना भूल देण्यात मुरलेला डॉक्टर मिळणं हा फायदाच आहे. ‘बघू, परवा पुन्हा सोनोग्राफी करू’ हे मात्र या रिपोर्टनंतर चालत नाही.

आपल्या मुलाचं ऑपरेशन दुपारी चारला झालं, दुर्बिणीतून, तीन छोट्या छिद्रांतून. मोठ्या आतड्यावरचे तीन स्नायूपट्टे जिथे एकत्र येतात तिथे अपेंडिक्सचं बूड हमखास सापडतं. आधी धमनी बंद, मग बुडाशी दोऱ्याचे फास, मधून कापलं, पिशवीत घालून बाहेर. शेंड्याचा रंग काळपट झाला होता, भिंत शाबूत होती. दुसऱ्या दिवशी वरणाचं पाणी, तिसऱ्या दिवशी घर. फुटलं असतं तर शिरेतून अँटिबायोटिक बरेच दिवस, आतड्याची हालचाल मंदावलेली आणि पुढे पोटात पुन्हा पू साठण्याची धास्ती.

नुसत्या अँटिबायोटिकने भागत नाही का, हा प्रश्न रास्त आहे. खडा नाही, फुटल्याची चिन्हं नाहीत, दुखणं नुकतंच सुरू झालंय अशा निवडक मुलांत तो मार्ग वापरतात, हॉस्पिटलमध्ये ठेवून. पण काहींना ते पुन्हा उद्भवतं. खडा असलेल्या मुलात मी तो सुचवत नाही.

आता सोनोग्राफी कुठे फसवते ते. ‘अपेंडिक्स नॉट व्हिज्युअलाइज्ड’ म्हणजे दिसलं नाही. नॉर्मल आहे असा त्याचा अर्थ नाही. मोठ्या आतड्यामागे दडलेलं अपेंडिक्स समोरून दिसत नाही, मुलाला डाव्या कुशीवर वळवून पाहावं लागतं. कधी फक्त शेंडा सुजलेला असतो. बुडाकडचा भाग पाहून थांबलं तर सुटतं. सहा ते आठ मिलिमीटरच्या मधली जाडी एकटी काहीच ठरवत नाही, बाकीच्या खुणा बघाव्या लागतात. शंका राहिली तर सहा ते बारा तासांनी त्याच डॉक्टरने पोट पुन्हा तपासावं आणि गरज वाटल्यास सोनोग्राफी पुन्हा करावी. मुलग्यांत अंडकोषाला पीळ पडला तरी पोटच दुखतं, म्हणून चड्डी उतरवून पाहणं टाळू नये.

घरी दोन गोष्टी करू नका. जुलाबाचं औषध किंवा एरंडेल देऊ नका आणि पोट चोळून घेऊ नका. दोन्हींनी आतड्यावर जोर पडतो, आणि दाब आधीच टोकाला असतो.

शेवटची फसवणूक सगळ्यांत वाईट. रात्रभर तळमळणारं मूल पहाटे एकदम शांत होतं, आई-वडील सुटकेचा श्वास टाकतात. नळी फुटली की आतला दाब उतरतो आणि दुखणं काही तास कमी होतं. त्या वेळी सोनोग्राफी केली तर नळी बारीक झालेली आणि दबणारीही दिसू शकते. तेव्हा जाडीचा आकडा सोडून द्यायचा आणि बाकीचं बघायचं: भिंतीतली पांढरी रेघ कुठे तुटली आहे का, शेजारी पाणी किंवा पूचा साठा आहे का, भोवतालची चरबी पांढरट आहे का, मुलाची नाडी किती चालते. त्या शांत झालेल्या मुलाची नाडी दीडशेच्या घरात असेल आणि पोट फळीसारखं कडक होऊ लागलं असेल, तर ते बरं होत नाहीये.