वयाचा रकाना

श्रोतेहो, नमस्कार.

उतारवयातल्या बाईचं हाड मोडण्याचा धोका किती, हे काढायला डॉक्टर फ्रॅक्स नावाचं साधन वापरतात. ब्रिटनमधल्या शेफील्ड विद्यापीठातलं हे साधन २००८ साली आलं. वय, वजन, उंची, पूर्वी मोडलेलं हाड, आईवडिलांच्या खुब्याचं फ्रॅक्चर, स्टिरॉइडच्या गोळ्या अशी माहिती भरली, की पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याची शक्यता टक्क्यांत मिळते.

यात वयाचं वजन फार मोठं. पंचावन्न आणि पंचाहत्तर वर्षांच्या दोघींची हाडांची घनता अगदी सारखी भरली, तरी थोरलीचा धोका बराच जास्त येतो. तपासणीत हाड किती दाट आहे ते कळतं. आतली वीण किती विरली, तोल जातो का, नजर अधू झाली का, हे कळत नाही. त्यातलं बरंचसं वयाच्या आकड्यातूनच हिशोबात येतं. पण फ्रॅक्स ‘तुम्ही किती वेळा पडलात?’ असं विचारत नाही. म्हणून साठीतच वारंवार पडणाऱ्या बाईचा धोका तिथे कमी दिसतो. पडलात तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

वय आणखी एका बाजूनेही येतं. दहा वर्षांत मृत्यू येण्याची शक्यताही फ्रॅक्स धरतं. त्यामुळे फार उतारवयात टक्के पूर्वीसारखे चढत नाहीत, कधी उतरतातही. त्याचा अर्थ हाडं सुधारली असा नव्हे.

आता आपल्याकडची अडचण. कितीतरी आज्यांची जन्मतारीख कागदावर १ जून असते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती अंदाजाने लिहिली. शाळेत न गेलेल्यांचं वय तर आधार कार्डाच्या वेळी ठरलं. याने काय होतं ते ओस्टा या सोप्या चाळणीत पाहू. आशियातल्या स्त्रियांसाठी बनवलेली ही चाळणी हाडांची घनता आधी कोणाची तपासावी, एवढंच सांगते. किलोतल्या वजनातून वय वजा करायचं, उत्तराला ०.२ ने गुणायचं आणि दशांश सोडून द्यायचा. उणे एक ते उणे चार आलं तर मध्यम धोका, त्याखाली गेलं तर जास्त. समजा, आजींचं वजन ४५ किलो आणि कागदावरचं वय ६५. उत्तर येतं उणे चार, म्हणजे मध्यम. खरं वय ७१ असेल तर उणे ५.२, म्हणजे उणे पाच, आणि आजी जास्त धोक्याच्या गटात जातात. बाई तीच, हाडं तीच!

म्हणून तपासणीला जाताना घरात नीट विचारा. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा, १९६७ साली, आजी केवढ्या होत्या? बहात्तरच्या दुष्काळात लग्न झालं होतं का, मूल कडेवर होतं का? त्यावरून वयाचा अंदाज बांधा आणि कागदावरच्या वयाशी जमत नसेल, तर डॉक्टरांना दोन्ही आकडे सांगा. दोन्ही भरून पाहायला त्यांना मिनिटभरही लागत नाही.