टू-बिट मल्टिप्लायर: १५ ओळी बरोबर, ३ × ३ मात्र चुकतं, असं का?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओपासून तुम्ही सगळे एकच विचारून राहिले: "ताई, ट्रुथ टेबलच्या १६ पैकी १५ ओळी जुळतात, फक्त ३ गुणिले ३ चुकतं. आयसी खराब आहे का?" आयसी चांगला आहे. तुमचा हातचा हरवला आहे.

बेसिक पटकन उरकते. एका बिटचा एका बिटशी गुणाकार म्हणजे अँड गेट. दोन्ही १ असतील तरच १. दोन बिट इकडे, दोन तिकडे, म्हणून चार अँड गेट, म्हणजे एक अख्खा 7408. या चार उत्तरांना पार्शल प्रॉडक्ट म्हणतात. शाळेत मांडायचो तसंच मांडा, दुसरी ओळ एक घर डावीकडे:

```
           A1    A0
        ×  B1    B0
-------------------
         A1B0  A0B0
   A1B1  A0B1
-------------------
P3   P2    P1    P0
```

उजवीकडचं घर एकटं आहे, A0B0 सरळ P0 वर. मधल्या घरात दोघं आहेत, A1B0 आणि A0B1. त्यांना हाफ ॲडर. त्याची बेरीज P1 वर जाते आणि हातचा पुढच्या घरात. तिथे A1B1 आधीच बसलेला आहे, म्हणून दुसरा हाफ ॲडर. त्याची बेरीज P2, त्याचा हातचा P3. एका घरात दोनच बिट येतात, त्यामुळे फुल ॲडर लागतच नाही. तरी वापरलाच, तर त्याचा कॅरी-इन ग्राउंडला जोडा. टीटीएलमध्ये मोकळी पिन १ धरली जाते. पहिल्या ॲडरची पिन मोकळी सोडली तर ० गुणिले ० चं उत्तर २ येतं.

आता हातचा. ३ गुणिले ३ करून बघू. चारही पार्शल प्रॉडक्ट १. P0 झाला १. मधल्या घरात १ आणि १, म्हणजे P1 ला ० आणि हातचा १. पुढे A1B1 चा १ आणि हा हातचा १, म्हणजे P2 ला ०, P3 ला १. उत्तर 1001, म्हणजे ९. ती हातच्याची एक वायर चुकून ग्राउंडला गेली, म्हणजे पुढे कायम ० च पोचला, तर P2 वर A1B1 एकटाच राहतो आणि एलईडी 0101 दाखवतात. म्हणजे ५. नेमके ४ कमी, कारण त्या हातच्याची किंमतच ४ आहे.

माझ्या प्रॅक्टिकलला हेच झालं होतं. मे महिना, नागपूरचं ऊन, लॅबमध्ये पंखा गरम हवा फेकतोय. बर्डीवरून आणलेल्या नव्या वायरी, सर्किट नीटनेटकं, मी १५ ओळी तपासून निवांत. परीक्षकांनी आल्या आल्या चारही स्विच वर केले. ५! ती वायर ब्रेडबोर्डवर एक भोक बाजूला, ग्राउंडच्या पिनवर गेली होती. तो पाच मला आजही डोळ्यासमोर दिसतो.

पण बाकी १५ ओळी बरोबर कशा येतात? मधल्या घरात हातचा कधी तयार होतो ते बघा. A1B0 आणि A0B1 दोन्ही १ हवेत. म्हणजे A1, A0, B1, B0 चारही १ हवेत. ही स्थिती १६ पैकी एकाच ओळीत येते. म्हणून १५ ओळी तुमच्या हातच्याला कधी विचारतच नाहीत. ॲडरऐवजी मधल्या घरात नुसता ऑर गेट लावणाऱ्यांचंही तेच. त्यांचं फक्त ३ गुणिले ३ चुकतं, आणि ७ येतं. म्हणजे ५ दिसलं तर हातच्याची वायर बघा, ७ दिसलं तर हाफ ॲडरच्या जागी नुसता ऑर आहे का ते बघा.

एका दर्शकाने कमेंटमध्ये लिहिलं, "पहिला हातचा थेट P3 ला जोडला तरी चालतं." अगदी खरं आहे, वाचून फार आनंद झाला! पहिला हातचा १ असताना A1B1 सुद्धा १ असतोच, म्हणून दोन्ही हातचे कायम सारखेच. एक अँड गेट वाचतो. मात्र ३ × ३ बिटच्या मल्टिप्लायरला ही युक्ती लावू नका, तिथे घरात जास्त बिट जमतात.

आणि फक्त ३ गुणिले ३ तपासूनही थांबू नका. तिथे चारही पार्शल प्रॉडक्ट १ असतात, त्यामुळे A0B1 आणि A1B1 च्या वायरी एकमेकींच्या जागी गेल्या तरी उत्तर ९ च येतं. त्यासाठी आधी १ × १, २ × १, १ × २ आणि २ × २ लावा. या प्रत्येकात एकच पार्शल प्रॉडक्ट पेटतो, त्यामुळे कोणती वायर कुठल्या घरात गेली ते उघड दिसतं. १ गुणिले २ ला ४ आलं, तर ती अदलाबदल झालीच म्हणून समजा. हे चार जुळले की मग चारही स्विच वर करा आणि P3 कडे बघा.