रात्री मळा, सकाळी भाजा

श्रोतेहो, नमस्कार.

सकाळी नऊ वाजता घरात गरमागरम गोड बन हवे असतील, तर पीठ मळायला कधी घ्यायचं? जरा हिशेब मांडू. मळायला अर्धा तास, पहिल्यांदा फुगायला दोन तास, बन वळायला अर्धा तास, पुन्हा फुगायला तास-सव्वा तास, भाजायला वीस मिनिटं. म्हणजे पहाटे साडेचारला उठणं आलं. एकदा उठले होते मी. बन बरे झाले, पण दिवसभर डुलक्या काढल्या.

तेव्हापासून मी हे काम दोन भागांत तोडते. रात्री मळायचं, सकाळी वळायचं आणि मधली रात्र फ्रीजवर सोपवायची. तसं केल्यावर लक्षात आलं, की सोय होते ती होतेच, पण चवही बदलते. कच्च्या यीस्टचा जो एक उग्र वास घाईघाईच्या बनला येतो, तो जातो आणि लोण्यासाखरेच्या मागून एक खमंगपणा जाणवायला लागतो.

हे कशाने होतं? उबेला यीस्ट भराभर वायू सोडतं आणि गोळा दोन तासांत फुगून मोकळा होतो. चव तयार व्हायला मात्र वेळ लागतो, आणि तेवढा वेळ गोळ्याकडे नसतो. जास्त ठेवावा, तर तो कोसळतो. फ्रीजमध्ये साधारण 4 अंशांवर यीस्ट पेंगायला लागतं. वायू अगदी सावकाश तयार होतो. त्यामुळे दहा-बारा तास हाताशी येतात, आणि तेवढ्या वेळात थोडी आम्लं, थोडा अल्कोहोल आणि त्यांच्यासोबत येणारे सुगंध पिठात साठतात. खरं सांगायचं, तर दालचिनी आणि साखर भरून केलेल्या रोलमध्ये हा फरक थोडा दबतो. साध्या बनमध्ये मात्र पहिल्याच घासाला कळतो.

आता प्रमाण सांगते, वही-पेन्सिल घ्या. 500 ग्रॅम मैदा, 220 ग्रॅम दूध, एक अंडं, 75 ग्रॅम साखर, 75 ग्रॅम मऊ लोणी, 8 ग्रॅम मीठ आणि 5 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. याचे बारा बन होतात. दूध कोमट करू नका, फ्रीजमधलं गारच घ्या. मळताना पीठ आपोआप तापतं आणि आपल्याला गोळा फार ऊबदार नकोय. लोणी शेवटी घाला, थोडं थोडं. गोळा तुकतुकीत झाला आणि ताणल्यावर न फाटता पातळ पडद्यासारखा पसरायला लागला, की मळणं पुरे.

आता माझी फजिती ऐका. सुरुवातीला मी तो गोळा तसाच, अख्खा, एका खोल भांड्यात घालून फ्रीजमध्ये ठेवला. सकाळी पाहते तो झाकण वर उचललेलं. गोळा सुरीने मधोमध कापला, तर कडेचा भाग घट्ट, गार आणि मधला भाग जाळीदार, ढिला, दारूसारखा वास येणारा. एकाच गोळ्यात दोन वेगळी पिठं!

कारण साधं होतं. फ्रीजमध्ये ठेवलं म्हणजे पीठ लगेच गार होत नाही. किलोभराच्या गोळ्याचा गाभा थंड व्हायला कित्येक तास लागतात, आणि तोवर आत यीस्टचं काम जोरात चालू असतं. उपायही तितकाच साधा. गोळा पसरट डब्यात घालून थापायचा, दोन-अडीच सेंटिमीटर जाडीचा. वरून तेलाचा हात फिरवायचा आणि घट्ट झाकायचा, नाहीतर पपडी धरते आणि ती पपडी भाजल्यावरही दाताखाली येते. डबा फ्रीजच्या दारात ठेवू नका, तिथे सतत ऊब लागते. आतल्या कप्प्यात ठेवा.

मळल्या मळल्या तो आत ढकलायचा का? नाही. गोड पिठात साखर पाणी धरून ठेवते आणि यीस्टला पाण्यासाठी झगडावं लागतं, त्यामुळे ते मुळातच उशिरा जागं होतं. लगेच गार केलं, तर सकाळी गोळा जसाच्या तसा सापडेल. म्हणून अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवा. जरासा फुगलेला, बोट लावल्यावर हलका वाटणारा झाला की आत. उन्हाळा असेल तर वीस मिनिटंही पुरतात. साखर याहून बरीच जास्त घालणार असाल, तर खास गोड पिठासाठीचं यीस्ट मिळतं ते वापरा.

सकाळी डबा उघडलात, की गोळा जवळपास दीडपट झालेला दिसेल. गार पीठ वळायला फार सोपं, कारण लोणी घट्ट झालेलं असतं. हाताला चिकटत नाही, वरून मैदा भुरभुरावा लागत नाही. लगेच बारा तुकडे करा, गोल वळा, ट्रेमध्ये मांडा आणि झाका.

इथे धीर लागतो. नेहमी तासाभरात फुगणारे बन आज दोन ते अडीच तास घेतील, कारण त्यांचा गाभा अजून गार आहे. बोटाने दाबून पाहायची आपली सवय इथे दगा देते. गार लोणी कडक असल्यामुळे दाबलेला खड्डा तसाच राहतो आणि आपल्याला वाटतं, झाले तयार. प्रत्यक्षात ते अर्धेमुर्धेच फुगलेले असतात. ओव्हनमध्ये गेले की कडेला फाटतात आणि आतून जड राहतात. म्हणून आकाराकडे बघा. जवळजवळ दुप्पट झालेत का, ट्रे हलवल्यावर थरथरतात का? आणि तळहाताच्या पाठीला गारवा लागत नाही ना, तेही पाहा. घाई म्हणून गरम ओव्हनमध्ये ठेवायचा मोह टाळा. बाहेरून लोणी वितळून पाझरतं, आतला भाग झोपलेलाच राहतो. फार तर बंद ओव्हनमध्ये कोमट पाण्याची वाटी ठेवा.

मग 180 अंशांवर वीस-बावीस मिनिटं. थर्मामीटर असेल, तर गाभ्यात 90 अंशांच्या आसपास दिसलं की काढा.

रात्री बनच वळून ट्रेसकट फ्रीजमध्ये ठेवले तर? चालतं, आणि सकाळचा अर्धा तास वाचतो. पण ट्रेला जागा लागते, आणि एखाद्या रात्री फ्रीज जरा कमी गार असला, तर बन तिथेच फुगून बसतात. मग सकाळी दुरुस्त करायला काहीच हाती उरत नाही. अख्खा गोळा असला, तर निदान पुन्हा वळता येतो. म्हणून मी गोळाच ठेवते.

सकाळी पाहुणे येणार म्हणाले आणि दुपारी येतो असा फोन आला, तर डबा तसाच राहू द्या. चोवीस तासांपर्यंत मला काही बिघडलेलं दिसलं नाही. दोन दिवसांनंतर मात्र गोळा सैल पडतो, चिकट होतो, आंबट वास मारतो. अशा गोळ्याचे बन उंच येत नाहीत. आडवे पसरतात. तो पातळ लाटून, वर लोणी-साखर पसरून, ट्रेमध्ये चपटाच भाजा. खाणाऱ्याला आधी ठरलेलं काय होतं, ते सांगायची गरज नाही.

नमस्कार.