चमचा आणि घड्याळ

नमस्कार, श्रोतेहो.

नागपूरच्या महाल भागातली एक आई दीड वर्षाच्या पोराला घेऊन भल्या पहाटे माझ्या दवाखान्यात आली. रात्रीतून चार ओकाऱ्या, सहा पातळ संडास. म्हणाली, "डॉक्टर, ओआरएस पोटात टिकतच नाही, सलाईन लावून द्या." कसं पाजलं, ते मी विचारलं. पोराला तहान लागली होती, म्हणून तिनं भांडंभर एकदम दिलं. त्यानं ते घटाघटा प्यायलं आणि पाच मिनिटांत सगळं बाहेर.

चूक ओआरएसची नव्हती. आजारानं चिडलेलं पोट एकदम भरलं की उलटून पडतं. म्हणून ओकारी झाल्यावर दहा मिनिटं थांबायचं आणि मग घड्याळ समोर ठेवून दर दोन मिनिटांनी एक छोटा चमचा, म्हणजे पाच मिली द्यायचं. हे थोडं वाटतं, पण तासाभरात 150 मिली पोटात जातं. त्या आईनं माझ्यासमोर बसून दीड तास असंच पाजलं. मध्ये एक ओकारी झाली, पुन्हा दहा मिनिटं थांबली. सकाळी पोरानं लघवी केली. सलाईन लागलं नाही.

ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्याची असते. ती पेलाभर पाण्यात कालवली, तर मीठ-साखर जास्त होऊन जुलाब वाढतात. पुडीवरचं माप वाचा, पाणी उकळून गार केलेलं घ्या आणि 24 तासांनी उरलेलं फेकून द्या. ओकारी थांबली की दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ संडासानंतर पाव ते अर्धा कप, म्हणजे 50 ते 100 मिली पाजा. संत्र्यांच्या गावात सांगणं जिवावर येतं, पण या दिवसांत डबाबंद रस नको आणि कोल्ड्रिंकही नको. त्यातली साखर आतड्यात पाणी ओढून घेते. जुलाब थांबवायची मोठ्यांची गोळी तर मुळीच नको.

मूल सुस्त पडलं, पाणीही घेईना, डोळे खोल गेले, सहा-आठ तास लघवी झाली नाही, संडासातून रक्त पडलं किंवा ओकारी हिरवी झाली, तर चमचा बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा.

आता जेवणाचं. "पोटाला आराम द्या" असं आजी म्हणते, पण उपाशी आतडं लवकर भरून येत नाही. अंगावरचं दूध एकही वेळ बंद करू नका. ओकाऱ्या कमी झाल्या की तीन-चार तासांत मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, वर चमचाभर तूप, दहीभात, कुस्करलेलं केळं, असं दोन-दोन घास, पण दिवसातून सहा वेळा. डॉक्टरांना विचारून झिंक सुरू करा. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज 20 मिलिग्राम, 14 दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी औषध मध्येच सोडायचं नाही. आणि बरं झाल्यावर दोन आठवडे रोजच्यापेक्षा एक जेवण जास्त द्या, म्हणजे उतरलेलं वजन भरून निघतं.